व्याह्याला अरं-तुरं

माझं लग्न एका शब्दावरून मोडता मोडता राहिलं. तो शब्द शिवीचा नव्हता. "जेव" एवढाच होता. दादांच्या तोंडून तो "जेवा" असा आला असता, तर त्याच दुपारी सुपारी फुटली असती, पाहुणे पान खाऊन हसत घरी गेले असते आणि मला आज सांगायला काहीच उरलं नसतं.

दादा म्हणजे माझे वडील. आम्ही तामलवाडीचे. दादांचे एक जिवाचे दोस्त होते, माकणीचे. त्यांचं आजोळ आमच्या गावात, म्हणून लहानपण सगळं आमच्याच गल्लीत गेलेलं. दोघं एका तालमीच्या मातीत लोळले. रझाकारांच्या धामधुमीत हे दोस्त बायकापोरं घेऊन आमच्याकडे आले, आणि दोन्ही बिऱ्हाडांनी निजामाच्या हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला एकाच लिंबाखाली चुली मांडल्या. मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मावशी. त्या लिंबाखाली माझी वेणी मावशीच घालायची, कारण आईच्या कडेवर धाकटा असायचा.

दादा आणि काका एकमेकांशी बोलायचे ते अरे-तुरेवरच. "आलास का मर्दा?" "गीळ गप." कुणी परक्यानं ऐकलं तर वाटावं, आता हाणामारी होणार. पण त्यातला एक शब्द कमी झाला असता तरी दोघांना चुकल्यासारखं झालं असतं.

आमच्याकडे तू कुणाला आणि तुम्ही कुणाला, हे कुणी शिकवत नाही, पण चुकलं की कानफटात बसते. आईला तू, देवीला तू, बैलाला तू, बायकोला तू. बापाला तुम्ही, नवऱ्याला तुम्ही, आणि व्याह्याला तर तुम्हीच, मग तो वयानं लहान का असेना. ह्याच्यावरची एक पायरी म्हणजे आपण. ती आम्हाला लग्नपत्रिकेत तेवढी भेटायची. मग जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीत पुण्याकडचे कारकून आले. त्यातला एकजण सातबाऱ्याला गेलेल्या दादांना म्हणाला, "आपण जरा बाहेर बसावं." दादा घरी आले ते धुसफुसतच. त्यांचं म्हणणं, "ऊठ, बाहेर बस" म्हणाला असता तर चाललं असतं, पण आपण म्हणून त्यानं सरळ चेष्टा केली. तो बिचारा त्याच्या घरी शिकला तसं बोलला असेल. पण दादांच्या कानाला गरजेपेक्षा वरचा मान म्हणजे टोमणाच वाटायचा.

पुढे काकांच्या थोरल्या मुलासाठी मला मागणी आली. मला ते घर हवं होतं. मावशीचा हात डोक्याला माहीत होता आणि मुलगाही मला आवडला होता, पण हे बोलून दाखवायची तेव्हा सोय नव्हती. मी आपली भाकरी थापत होते आणि भाकरी जरा जास्तच गोल येत होत्या.

सुपारीच्या आदल्या दिवशी आईनं दादांना बजावलं, की उद्यापासून ते दोस्त नाहीत, व्याही आहेत, तुम्ही म्हणायचं. दादा म्हणाले, ते काय मला कळत नाही का. सकाळी मी त्यांना गोठ्यात बैलापुढं "या, बसा, पाय धुवा" म्हणताना ऐकलं.

माकणीची मंडळी आली. काकांबरोबर त्यांच्या भावकीतले थोरले आबा होते, काकांचे चुलतभाऊ. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा पटका, आणि मानपानाच्या बाबतीत अख्खी भावकी त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. स्वतःही कधी शब्द खाली पडू देत नसत. दादांना ते "पाव्हणं, तुमी" असंच बोलत होते. दादाही नेटानं "या", "बसा", "पाणी घ्या" करत होते. मला दाराआडून हसू येत होतं, कारण प्रत्येक वेळी काका खाली बघत मिशीवरून हात फिरवत होते.

मंडळी लांबून आलेली, दुपार टळलेली, म्हणून आधी जेवणं आणि मग सुपारी, असं आबांनीच सुचवलं. पंगत बसली. दादा तुपाची लोटी घेऊन वाढायला निघाले. आबांना वाढलं, "घ्या घ्या" म्हणाले. पुढे काका. काकांनी पोळीवर हात आडवा धरला. पूर्वी शेकडो वेळा धरला होता तसाच. आणि दादांच्या तोंडून पूर्वीसारखंच निघून गेलं, "जेव की रं गप. लाजतूस कशाला?"

आबांनी तोंडापाशी नेलेला घास परत ताटात ठेवला. दादांकडे बघितलंही नाही. काकांकडे बघून शांतपणे म्हणाले, "उठा. सुपारी फुटायच्या आधीच आपल्याला अरं-तुरं. उद्या आपल्या पोराला काय म्हणतील?"

त्यांचंही चुकत होतं असं मला आज वाटत नाही. काका त्या पाटावर एकटे बसले नव्हते. सगळी भावकी तिथं बसली होती, आणि दादांचा तू त्या सगळ्यांच्या ताटात पडला होता. काका जर म्हणाले असते, की हा माझा दोस्त आहे, तर त्याचा अर्थ झाला असता, भावकीपेक्षा दोस्त मोठा. ते उठले. जाताना त्यांनी दादांकडे बघितलं, पण बोलायला दोघांपाशीही चालेल असा शब्द नव्हता. मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि धूर नसताना डोळे पुसत राहिले.

असे चार-आठ दिवस गेले. मग दादा स्वच्छ धोतर नेसून एसटीनं माकणीला गेले. भावकीपुढं हात जोडले, आबांच्या पाया पडले, सगळं रीतसर केलं. आबा नरमले, पुढची तारीख धरा म्हणाले. इथवर ठीक होतं. मग आबा गेल्यावर ओसरीवर हे दोघंच राहिले. दादांनी अजून तोल सांभाळलेलाच होता. ते काकांना म्हणाले, "तुमी मनात काय ठिवू नका."

काकांचा चेहरा उतरला. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ भांडले, की भांडण मिटेपर्यंत असंच एकमेकांना तुम्ही-तुम्ही करतात. दोन जावांचं बिनसलं, की "तुमी म्हणाल तसं, बाई" सुरू होतं. मान वाढला की समजावं, माया आटली. काका म्हणाले, "चार चपला हाण, पर मला तुमी म्हणू नगंस. म्या काय मेलोय का तुला?"

दादा घरी आले आणि आईपुढं त्यांनी हात टेकले. चारचौघांत तू म्हटलं तर सोयरीक जाते, एकट्यात तुम्ही म्हटलं तर दोस्त जातो. करायचं काय? लग्न पुन्हा जमलं होतं, पण लग्नाचा अख्खा दिवस चारचौघांतच जाणार होता, आणि काका समोर उभे राहून तो तुम्ही ऐकणार होते.

आई आधी खूप हसली. मग म्हणाली, "आमी बाया काय करतो, कवा बघितलंसा का?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. आजी असेपर्यंत आई तिच्यापुढं दादांशी कधी सरळ बोललीच नाही. तू तर सोडाच, तुम्हीही नाही. "वाढलंय म्हणावं," असं ती माझ्याकडे बघून बोलायची आणि दादा हात धुऊन यायचे. "बाजाराला जायचं न्हवं आज?" "च्या प्यायचा का?" कोण जाणार, कोण पिणार, हे त्यात कुठंच नाही. असं बोललं की माणूस मोठाही होत नाही आणि लहानही होत नाही. आईचा सगळा संसार ह्याच बोलीवर चालला होता आणि दादांनी ती रोज ऐकून कधी ऐकली नव्हती.

मग आमच्या घरी शाळा भरली. आई काका व्हायची, दादा पाहुणचार करायचे. "बसा" म्हटलं की आई बोट हलवायची आणि सांगायची, "बसायचं न्हवं?" घाम पुसत दादा म्हणायचे, "बसायचं न्हवं?" गोठ्यातही तेच. "पाणी प्यायचं न्हवं?" म्हणून ते बैलाची मर्जी विचारू लागले. बैलाला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नसेल.

सुपारी फुटली. लग्नाच्या दिवशी दादांनी कमाल केली. "मुक्काम चांगला झाला न्हवं?" "पान खायचं का?" "उनातनं जरा सावलीला सरकायचं." काकांच्या लगेच ध्यानात आलं. तेही तसंच बोलू लागले. दोघे बाप्ये नव्या सुनांसारखे एकमेकांना चुकवत बोलत होते आणि मिशीत हसत होते. आबा मात्र कान टवकारून मागे मागे होते. बोट ठेवायला शब्द सापडत नव्हता, म्हणून त्यांना काही बोलताही येत नव्हतं.

पण पाठवणी आली. लॉरी मांडवापुढं उभी, वऱ्हाड चढायच्या बेतात. मुलीच्या बापानं व्याह्याचा हात धरून बोलायचं असतं, की पोर तुमच्या पदरात घातली, तुम्ही सांभाळा. हे भिंतीकडे बघून म्हणता येत नाही. आईनं ह्याची तालीम घेतलीच नव्हती. तिलाही सुचलं नसावं.

दादांनी काकांचा हात धरला. आबा शेजारीच उभे होते. एका शब्दावर उठून गेलेली ती पंगत मी पाहिलेली होती. दादांनी "तुम्ही" म्हणावं असं मला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

"सांभाळ रं हिला," दादा म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

काकांनी त्यांना मिठीतच घेतलं. काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी आबांकडे बघत होते. त्यांनी पटका उगीच सारखा केला, घसा खाकरला, पुढे झाले आणि दादांच्या पाठीवर हात ठेवला. बैठकीपासून ते आजवर दादांना ज्यांनी "पाव्हणं, तुमी" सोडून शब्द वापरला नव्हता, ते आबा म्हणाले, "रडू नगंस. ल्येक आमची बी हाय. काळजी करू नगंस तू."

भर मांडवात, सगळ्या भावकीदेखत, मुलाकडच्या मोठ्या माणसानं मुलीच्या बापाला तू म्हटलं होतं. आमच्याकडचं कुणीही उठून गेलं नाही. दादांनी डोळे पुसले आणि मला हाताला धरून लॉरीत चढवलं.