चंद्रकुमारजींची गुळणी

आमच्या सानगडीत सकाळी साडेपाचला तलावाच्या पाळीवर गेलात, तर गाल फुगवून पळणाऱ्या सात-आठ पोरी दिसतील. पाहुण्याला वाटतं, गावात दातदुखीची साथ आली. तसं काही नाही. त्यांच्या तोंडात पाणी असतं. भरलं कोणी? चंद्रकुमारजींनी.

चंद्रकुमारजी जवाहरनगरच्या कारखान्यात दरबान होते. तीस वर्षं फाटकावर उभे राहिले. निवृत्त झाल्यावर लोक पाय पसरतात, यांनी पोरींना पळवायला घेतलं. पोलीस भरतीची तयारी, फी नाही. माझं स्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, म्हणून त्यांनी मला धरून आणलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. "बोटं तर चालतेत ना तुमचे? मंग झालं." तेव्हापासून माझी सकाळ गेली ती गेलीच.

त्यांचा कायदा एकच. पळताना श्वास नाकानं. तोंड उघडलं की दम गेला, असं त्यांना तरुणपणी त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. पोरी चुकून तोंड उघडतात म्हणून त्यांनी गुळणी काढली. पळण्याआधी तोंडभर पाणी घ्यायचं, आठशे मीटर पळायचं आणि त्यांच्या पायापुढे ती गुळणी थुंकायची. गुळणी पुरी निघाली तर पास. कमी निघाली तर आणखी एक चक्कर.

यात सगळ्यात इमानदार रक्षा. श्यामरावांची मोठी पोरगी, भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलातून येऊनही पाळीवर हजर. यंदा तिची वयाची शेवटची संधी होती. पुढच्या भरतीला फॉर्मच घेणार नव्हते, मीच भरला होता तो, मला तारीख पाठ. आमच्या हिशेबानं आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत आले तरच यादीत नाव लागण्याची आशा. रक्षाची तीन मिनिटं आठ सेकंद. तीन आठवडे तेच. पहिले चारशे मीटर झकास, आणि मग पाय जडावायचे, खांदे वर यायचे, डोळे मोठे व्हायचे. गुळणी मात्र थेंबभर कमी नाही.

आणि रीना? तिची धाकटी चुलतबहीण, आळशी, दोन मिनिटं पंचावन्न! चंद्रकुमारजी तिच्याकडे बोट दाखवून रक्षाला म्हणत, "पाह्य, रीना कशी नाकानं पळून राहिली. तुयंच काहून होत नाई?" रक्षा खाली मान घालायची.

मला खरं ठाऊक होतं आणि मी गप्प होतो, हे आता कबूल करून टाकतो. शेवटच्या वळणावर पळसाचं झाड आहे. त्याच्या मागं एक पाण्याची बाटली दडवलेली असायची. रीना आणि बाकीच्या वाटेत पाणी गिळायच्या, तोंड उघडून मनसोक्त पळायच्या आणि पळसाजवळ नवी गुळणी भरून यायच्या. चोरीला गाव साक्षीदार आणि मी त्यातला पहिला.

एक दिवस चंद्रकुमारजींना ती बाटली सापडली. मला वाटलं, आज खैर नाही. त्यांनी बाटली हातात घेतली, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं ते भलतंच.

"पाणी कुठीसा गिळलं? खरं सांगा, मारत नाई."

"मोहाजवळ, जी," रीना पुटपुटली.

दुसरी म्हणाली, मोहाजवळ. तिसरीही मोहाजवळ. मोहाचं झाड म्हणजे बरोबर तीनशे मीटर. एकमेकींना न विचारता सगळ्यांनी त्याच जागी तोंड उघडलं होतं. चंद्रकुमारजी बाटलीकडे पाहत राहिले. "सगळ्याइले एकाच जागी लबाडी काहून सुचन?" एवढंच बोलले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पोरींना सुट्टी, मला नाही. बासष्ट वर्षांच्या त्या माणसानं बनियन खोचलं, गुळणी भरली आणि पळायला लागला. आधी हळू चारशे मीटर, गुळणीसकट. मग तेवढंच हळू, गुळणीशिवाय. वेळ सारखाच. उलट गुळणीच्या वेळी श्वास संथ होता आणि घसा कोरडा पडला नाही. मग जोरात. गुळणीसकट पळताना निम्म्यातच मान ताठ झाली, नाकपुड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. गुळणीशिवाय तोच माणूस अकरा सेकंद आधी आला.

"गुळणीच्या वेळी अंग पुरतं मोकळं झालं नसेल," मी म्हटलं.

"मंग उद्या उलटं करू."

दुसऱ्या दिवशी उलटं केलं. आधी मोकळ्या तोंडानं, मग गुळणीनं. फरक दहा सेकंद. मी त्यांना पाळीवर बसवलं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट स्वतःच्या छातीवर घासून पाहायची, तीही दोनदा, याला काळीज लागतं.

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी पोरींना तलावाच्या सांडव्यापाशी नेलं. सांडव्याला आमच्याकडे सलांग म्हणतात आणि पाणी सोडायच्या लहान दाराला तुडूम.

"नाक म्हंजे तुडूम," ते म्हणाले. "अरुंद, वाकडं. हळू पळा, तर तेवढ्यात भागते. हवा गाळून, गरम होऊन, ओली होऊन जाते, धूळ अडते. पन जोरात पळाले का हवा किती तरी पट लागते. दुप्पट हवा ओढाची तर जोर दुपटीहून जास्त लागते. पळताना नाक जराकसं मोकळं होते, पन होऊन होऊन किती होईन? मंग छातीलेच दोन कामं. पायाइले हवा पुरवा अन् नाकासंग झगडा. तलाव भरला का सलांग वाहू द्या लागते. मी तुमच्या तोंडाची सलांग बुजवून बसलो होतो."

मग ते रक्षासमोर गेले आणि सर्वांदेखत हात जोडले. "पोरी, तू माह्यं ऐकलं अन् मागं रायली. बाकीच्याइनं नाई ऐकलं अन् पुढं गेल्या. चूक माही व्हय."

रक्षा रडायला लागली. मीही दुसरीकडे पाहिलं.

गुळणी गेली नाही. हळू पळण्याच्या दिवशी ती राहिली, कारण गुळणी असली की पोरी आपोआप बेताच्या वेगात राहतात. जोराच्या दिवशी मात्र मोहाजवळ थुंकायची, असा नवा कायदा झाला.

भरतीला भंडाऱ्याला गेलो, तेव्हा आम्ही दोघं मैदानाच्या भिंतीबाहेर उभे होतो. पहिले चारशे मीटर रक्षा छान आली. मग पाहतो तर खांदे वर आणि ओठ घट्ट मिटलेले. घाबरलं की जुनी सवयच वर येते. चंद्रकुमारजी भिंतीच्या एका निखळलेल्या दगडावर चढले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "रक्षे! सलांग सोड वो! सलांग!"

शेजारच्या लोकांना वाटलं, म्हातारा बिघडला. पण तिनं तोंड उघडलं. माझ्या घड्याळात दोन मिनिटं त्रेपन्न.

ती बाहेर आली तेव्हा बोलण्याइतकाही दम नव्हता. त्यांनी बाटली पुढं केली. तिनं तोंडभर पाणी घेतलं आणि सवयीनं गाल फुगवून त्यांच्यापुढं उभी राहिली, गुळणी दाखवायला. चंद्रकुमारजींचे डोळे भरले होते.

"पिऊन टाक, बाई," ते म्हणाले. "आता पिऊन टाक."