एकेचाळीस, दोन, तीनशे शहाऐंशी

दावियाला आमच्या कार्यालयात कुणी घाबरत नसे, पण तिच्या टेबलाशी कुणी उगाच थांबतही नसे. गाबेस शहराच्या जलखात्यात ती माझ्या समोर बसायची. भूजलाचं शिकलेली, उंच, पंचेचाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली. सकाळी हरिस्साची लाल तिखट चटणी लावलेला पाव खाताना आकड्यांकडे अशी बघायची, की समोरचा माणूस खोटं बोलतोय हे तिला कळलंय, फक्त कुठे ते शोधायचंय.

त्या वर्षी खात्याने विसरलेल्या विहिरींचं काम काढलं होतं. पलीकडच्या जिल्ह्यात एका मेंढपाळाचं खेचर चालता चालता जमिनीत गेलं, त्यामुळे वरून हुकूम आला की फ्रेंच लष्कराने खणलेली प्रत्येक विहीर शोधून तिच्यावर झाकण बसवा. विहिरींची छापील यादी एकेकाळी तळघरात होती. पुराच्या पाण्यात तिचा लगदा झाला. त्याआधी कुणा कंत्राटदाराने तिची पानं स्कॅन करून ठेवली होती, पण ती चित्रं ज्या डिस्कवर होती ती आता उघडतच नव्हती. उरला होता फक्त यंत्राने पानांवरून वाचलेला मजकूर. त्यात रकाने नव्हते, रेघा नव्हत्या. एकामागून एक आकडे आणि मध्ये मोकळ्या जागा, एवढंच.

आणि त्या जागा खोट्या होत्या. जुन्या छपाईत आकडे विरळ बसवलेले, कागद डागाळलेला. यंत्राला एकाच आकड्याच्या पोटात फट दिसायची आणि ते त्याचे दोन तुकडे करायचं. त्यात फ्रेंच छापखान्याची रीत अशी, की हजारानंतर खरोखरच जागा सोडायची. म्हणजे काही फटी चुकीच्या, काही बरोबर, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

प्रत्येक ओळीत सात आकडे हवेत. विहिरीचा क्रमांक, गावच्या जुन्या बुरुजापासून पूर्वेला किती मीटर, उत्तरेला किती मीटर, जमिनीची समुद्रसपाटीपासून उंची, विहिरीची खोली, पाणी किती खाली, आणि पाण्याची समुद्रसपाटीपासून उंची. जमिनीच्या उंचीतून पाण्यापर्यंतचं अंतर वजा केलं की शेवटचा आकडा यायलाच हवा. यावरच दाविया तुटलेल्या ओळी जोडायची. कुठले दोन तुकडे सांधले म्हणजे सात आकडेही होतात आणि वजाबाकीही जुळते, ते बघायचं. बहुतेक ओळींना एकच उत्तर असायचं.

ऐन रखमा गावच्या पानावरची सदतिसावी ओळ अशी होती: ३७ ४१ २ ३८६ ६४ ७१ ५८ ६.

आठ तुकडे. म्हणजे एक सांधा द्यायचा. चौसष्टातून अठ्ठावन्न गेले, उरले सहा, तेव्हा शेवटचे चार आकडे शाबूत होते. घोळ फक्त पुढे. आमच्या साहेबांनी, सी मुन्जींनी (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्री’), ते काम आधी एका छोट्या प्रोग्रामवर टाकलं होतं. त्याने हजाराची रीत लावली. दोन आणि तीनशे शहाऐंशी सांधले: पूर्वेला एकेचाळीस, उत्तरेला दोन हजार तीनशे शहाऐंशी. ती जागा खारट मैदानात येत होती. तिथे माणूस नाही, घर नाही. सी मुन्जींनी शेरा मारला होता: तातडी नाही.

दाविया दोन दिवस त्या ओळीवरून हलली नाही.

"काय गं, चिकटलीस का तिला?" मी विचारलं.

"इकडे ये. उत्तरेला दोन हजारांच्या पुढे असलेल्या बाकीच्या विहिरी बघ. जमिनीची उंची किती?"

मी वाचलं. "अठरा. सतरा. एकोणीस."

"आणि ही चौसष्ट. त्या मैदानात टेकडी आहे का?"

"कसली टेकडी. टाचेने उकरलं तरी पाणी लागतं तिथे."

"आणि हिचं पाणी अठ्ठावन्न मीटर खाली." तिने पाव बाजूला ठेवला. "एकेचाळीस आणि दोन जोडून बघ. पूर्वेला चारशे बारा, उत्तरेला तीनशे शहाऐंशी. छत्तीस आणि अडतीस नंबरच्या विहिरी तिथूनच जवळ आहेत, जमीन त्रेसष्ट आणि पासष्ट."

सी मुन्जी दारात उभे राहून ऐकत होते. वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. "दाविया, बाई, वजाबाकी जुळतेय ना? मग झालं."

"वजाबाकी दोन्हीकडे जुळते, सी मुन्जी. पूर्व-उत्तरेच्या आकड्यांना ती विचारतच नाही."

"चारशे बारा धरलं तर कुठे येते?"

तिने नकाशा उघडलेला संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. बिंदू एका घराच्या छपरावर होता.

 साहेब गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोजून या. आणि त्या लोकांना उगाच घाबरवू नका."

बुरुजाच्या पायथ्याचा खुणेचा दगड जागेवर होता. तिथून मोजत आम्ही खजुरांच्या कुंपणाशी पोचलो, तेव्हा सकाळ अर्धी सरली होती. घर लझर नावाच्या माणसाचं. तो ट्रक चालवायचा, आणि त्याची म्हातारी आई म्बार्का त्याच्याकडेच राहायची. आम्ही जलखात्याच्या आहोत म्हटल्यावर लझर हसला.

"नळाला पाणी येत नाही म्हणून वर्षभर अर्ज करतोय. आणि तुम्ही आलात विहीर शोधायला?"

"तुमच्या घराखाली असेल कदाचित," दाविया म्हणाली.

त्याचं हसू गेलं, पण त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्याने आईकडे पाहिलं. म्हातारीने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मधल्या खोलीत चला."

त्या खोलीत पलंग नव्हता, पेटी नव्हती. लझरने सांगितलं, शेळी त्या उंबऱ्याशी आली की पाय रोवून उभी राहते. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, अजून परतली नव्हती. या खोलीत मूल झोपवणार नाही, असं ती म्हणाली होती. म्हातारीने मातीच्या धुपाटण्यात निखारा आणि ऊद घातला आणि जमिनीवर ठेवला.

धूर वर गेला नाही.

बोटभर उठला, वाकला, आणि फरशीवरून सरपटत कोपऱ्यातल्या एका भेगेत शिरू लागला. सावकाश, सलग, कुणी ओढून घेतल्यासारखा. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी नकळत दावियाचा हात धरला. तो थंडगार होता.

"सकाळी आत घेतो," म्बार्का म्हणाली. "दुपारनंतर बाहेर सोडतो. वाळवंटाकडून शहीली वारा सुटायचा असला की दिवसभर सोडतो, आणि कण्हतोसुद्धा. चार शेखांकडून कुराण वाचून घेतलं. थांबला नाही. मग मी बोलायला लागले त्याच्याशी."

"कुणाशी, खालती?" दावियाने विचारलं. खालती म्हणजे मावशी; आमच्याकडे मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला तशीच हाक मारतात.

"माझ्या भावाशी. सरहद्दीपलीकडे कामाला जातो म्हणून निघाला, पलीकडे पोचला नाही. हे घर त्याच्या पुढच्या वर्षी बांधलं."

लझर पुटपुटला, "आई, त्यांना कशाला सांगतेस."

दाविया गुडघ्यांवर बसली आणि भेगेजवळ कान नेला. मग तिने समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. इतकी खोल विहीर असली की तिच्यात आणि भोवतालच्या खडकाच्या फटींत पुष्कळ हवा असते. बाहेर हवेचा दाब वाढला की ती आत घेते, कमी झाला की बाहेर टाकते. सकाळी दाब चढतो, दुपारी उतरतो. गरम वाऱ्याआधी फार उतरतो. सगळं बरोबर होतं, मीही तेच शिकले होते. पण ती बोलत असताना धूर मध्येच थांबला. भेगेच्या तोंडाशी गोळा होऊन नुसता उभा राहिला.  मग तो हळूच आमच्याकडे यायला लागला, आणि त्याच्याबरोबर ओल्या दगडाचा गार वास.

"दाब फिरला," दाविया म्हणाली. 

"ऐकलं त्याने तुझं," म्हातारी म्हणाली.

त्याच दिवशी खोली बंद करवली आणि लझर आईला घेऊन बहिणीकडे राहायला गेला. पुढच्या आठवड्यात माणसं आली. भिंतींना टेकू दिले, कमरेला दोर बांधून कामगारांनी कडेने फरशी काढली. खाली हातभर वाळू, आणि वाळूखाली खजुराचे ओंडके. शिपाई निघून जाताना त्यांनी तोंडावर टाकलेले. मधला ओंडका पहारीच्या टोकाने स्पंजासारखा दबला, तुटला आणि गेला. आवाज यायला इतका उशीर लागला की एका कामगाराने मध्येच दुसऱ्याकडे बघितलं. पाण्याचा आवाज आला नाही. धप्प असा आला.

म्हातारीने हट्टाने परत येऊन समोर खुर्ची मांडली होती. कॅमेरा दोरीने खाली सोडला तेव्हा दाविया पडद्यापुढे तिच्या शेजारी बसली. दगडी बांधकाम, मग खडक, मग खडकात काळ्या फटी. अठ्ठावन्न मीटरवर पाण्याची जुनी पांढरी रेघ, पण पाणी नाही. ते कधीच खाली उतरून गेलं होतं. एकाहत्तरावर तळ. वाळू, पडलेला ओंडका.

"नीट बघ," म्बार्का म्हणाली. "कोपरे बघ."

दावियाने कॅमेरा सावकाश पूर्ण फिरवायला लावला. मग पुन्हा एकदा. "कुणी नाही, खालती. विहीर झाकून ठेवल्यावर तुमचं घर झालं. मध्ये कुणी उघडलीच नव्हती."

मला वाटलं म्हातारीला बरं वाटेल. तिने डोक्यावरची ओढणी तोंडाशी धरली आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं माझं कोण ऐकत होतं?"

दावियाने कॅमेरा वर ओढायला सांगितलं. 

विहीर भरून टाकली. मोठे दगड, मग खडी, वर काँक्रीट. लझरची बायको मुलीला घेऊन परत आली आणि शेळी त्या उंबऱ्यावरून मुकाट जाते, असं त्याने फोनवर सांगितलं. आई मात्र जेवत नाही म्हणाला. घर फार गप्प झालंय, एवढंच म्हणते. थंडी संपायच्या आत म्बार्का वारली. आम्ही दोघी मातीला गेलो होतो.  कार्यालयात परतल्यावर दावियाने यादी उघडली, आणि जिथे जिथे दोन्ही सांधे जुळत होते त्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या.

"प्रोग्रामने लावलंय ते राहू दे की," सी मुन्जी म्हणाले. "सगळ्याच घराखाली थोड्याच असणार."

"नसतील," ती म्हणाली. "पण आकडा कुठे तुटलाय हे तिथे उभं राहिल्याशिवाय मला आता सांगता येत नाही."

अजून ती फिरते. कधी एकटी, कधी माझ्याबरोबर. बहुतेक ठिकाणी नुसतं ओसाड रान निघतं. ती खुणेवर उभी राहते, थोडा ऊद पेटवून जमिनीवर ठेवते आणि धूर सरळ वर जाईपर्यंत बघत राहते. मी मागे एकदा म्हटलं, अगं, हवेचा प्रवाह मोजायचं यंत्र आहे खात्याकडे. ती म्हणाली, "आहे ना. गाडीत आहे." आणि वाकून निखाऱ्यावर फुंकर घालत राहिली.