गुणगुणणारा डबा

लेकीनं अमेरिकेतून आईच्या गुडघ्यांसाठी शेकायची गादी पाठवली, ती एकशे पंधरा व्होल्टची. आपल्याकडे दोनशे तीस. इथलीच एखादी विकत आणू म्हटलं, तर बायको म्हणाली, "लेकीनं पाठवलीय, हीच चालली पाहिजे." सबंध नोकरी डिप्लोमाच्या पोरांना ट्रान्सफॉर्मर शिकवण्यात गेलेली, नाही म्हणायला तोंड कुठं होतं? भंगारातून पत्रे आणले आणि घरीच व्होल्टेज निम्म्यावर आणणारा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तांबं मात्र जाड वापरलं. दिसायला डबा ओबडधोबड, आणि चालू केला की गुणगुणायचा.

रोज झोपताना तिचं ठरलेलं वाक्य असे, "अहो, तेवढं बंद करा." मी "करतो" म्हणायचो. आधी गादीची पिन काढायची, मग मेन बंद. लोड आधी, मेन नंतर, ही प्रयोगशाळेची सवय. ती गेली त्या दिवशी दवाखान्यात न्यायच्या घाईत गादीची पिन तेवढी काढली गेली. एकटा परत आलो तेव्हा घरात फक्त तो डबा बोलत होता. मग मी त्याला बंद केलंच नाही.

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरची मुलगी डिप्लोमा करते. परवा दुपारी वही घेऊन आली. "काका, ट्रान्सफॉर्मरचं गणित चुकतंय, आणि का ते कळत नाहीये."

तिनं वेढ्यांचं गुणोत्तर बरोबर काढलं होतं: दोनशे तीसला एकशे पंधरा, म्हणजे दोनास एक. सेकंडरीत, म्हणजे बाहेर देणाऱ्या बाजूला, शून्य पूर्णांक आठ अँपिअर, म्हणून प्रायमरीत, म्हणजे मेनकडच्या बाजूला, निम्मा, शून्य पूर्णांक चार. खाली दोन रेघा मारून मोकळी. सगळी पोरं इथंच घसरतात.

"उत्तर छान आहे," मी म्हटलं, "फक्त ट्रान्सफॉर्मर स्वर्गातला आहे. कार्यक्षमता ऐंशी टक्के दिलीय, ती काय शोभेला?"

ती हसली नाही. मग मी तिला आतल्या खोलीत नेलं, गादी डब्याला जोडली आणि माझे जुने मीटर लावले. सेकंडरीकडे एकशे पंधरा व्होल्ट, शून्य पूर्णांक आठ अँपिअर. गुणाकार ब्याण्णव वॅट. प्रायमरीकडे वॅटमीटर एकशे पंधरा वॅट दाखवत होता. तिच्या गणितातलेच आकडे यावेत, इतका तो डबा वाईट निघालाय.

"ब्याण्णव भागिले एकशे पंधरा, ऐंशी टक्के," ती पुटपुटली. "म्हणजे करंट इनपुटवरून काढायचा. एकशे पंधरा भागिले दोनशे तीस... अर्धा अँपिअर. पण मीटर किंचित जास्त दाखवतोय."

"पत्र्यांत चुंबकत्व उभं करायला लागतो तो. तो वॅटमध्ये दिसत नाही. तुझ्या पेपरात तो धरलेला नाही."

"आणि बाकीचे तेवीस वॅट?"

"हात लाव."

तिनं डब्यावर तळहात ठेवला. तो चांगला कोमट होता. कुणाचा तरी हात त्या डब्यावर पडलेला पाहून मला उगाच भरून आलं.

मग तिनं आपण होऊन गादीची पिन काढली. शिकवण्याजोगी मुलगी, जरा पुढचं बघते. वॅटमीटरचा काटा खाली आला आणि विसाच्या जरा वर थांबला.

"लोड काढला तरी घेतोच आहे?"

"लोखंडाचा तोटा. पत्रे भंगारातले. लोड असो नसो, मेन चालू आहे तोवर तो जवळपास तेवढाच राहतो. तांब्यातला तोटा करंटबरोबर जातो, तो मुळात थोडाच होता."

"मग आत्ता कार्यक्षमता?"

"तूच सांग."

"बाहेर काहीच जात नाही, म्हणजे शून्य." तिनं ते वहीत लिहिलं आणि सहज विचारलं, "काका, पण मी आले तेव्हा हा चालूच होता. गादी तर घडी करून कपाटावर होती. कशासाठी?"

उत्तर मला येत होतं. पण "राहिला असेल," म्हटलं. तिनं मान डोलावली, वही मिटली आणि चहा नको म्हणून गेली.

मी पलंगाच्या कडेला बसलो. डबा गुणगुणत होता, कुणालाही काही न देता गरम होत होता. माझंही हल्ली तेच चाललंय, हे मला आवडलं नाही, पण खोटंही म्हणवेना. बंद केला तर खोलीत काय उरेल, याची मला भीती वाटत होती. ती तशीच वाटत राहिली.

गादीची घडी कपाटावर ठेवली. लोड तर केव्हाच काढून झाला होता.

"करतो," मी मोठ्यानं म्हटलं, आणि मेन बंद केला.