थांबू शकता

आमच्या अधारतालच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या घरी मराठी बोलतात, आमच्याकडे बोलतात, आणि बाकी सगळी हिंदी. काकूंचे सासरे आणि माझे वडील दोघेही विदर्भातून कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी कॉलेजात शिकवते आणि अधूनमधून भाषांतराची कामं घेते. म्हणून शहरातल्या एका इस्पितळातून फोन आला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही.

मधुमेहामुळे मूत्रपिंड खराब झालेल्या रुग्णांवर तिथे एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होणार होता. संमतीपत्राचं मराठी भाषांतर कंपनीने बाहेरून करून पाठवलं होतं. ते वाचून एका बाईने विचारलं होतं, "याच्यानं दोन्ही डोळे जातात का?" कारण त्यात 'डबल ब्लाइंड'चं शब्दशः भाषांतर करून लिहिलं होतं, 'हा दुहेरी-अंध अभ्यास आहे.' हा प्रश्न इस्पितळाच्या एथिक्स कमिटीपर्यंत गेला आणि कमिटीने सांगितलं, सोप्या मराठीत पुन्हा करा.

अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मराठी पेशंट कमीच आहेत, पण जो साइन करेगा, समझ के करे." मला त्या आवडल्या. आजही त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

'यादृच्छिकपणे नेमणूक' या जागी मी लिहिलं: 'तुम्हाला नवी गोळी मिळेल की तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळेल, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. कोणती मिळाली हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.' लिहून झालं की कागद घेऊन काकूंकडे जायचे. काका मधुमेहाचे जुने रुग्ण, मूत्रपिंडांचाही त्रास सुरू झालेला, त्यामुळे काकूंना इस्पितळाची भाषा नवी नव्हती. मी वाचायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?"

एका दुपारी त्या म्हणाल्या, "हे चांगलं आहे. जीव घाबरला तर कधीबी तिथंच थांबता येते. खाट देतात."

मी लिहिलं होतं, 'तुम्ही कधीही थांबू शकता.' आपल्या भाषेत थांबणं म्हणजे बंद करणंही आणि राहणंही, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. मी ते खोडून लिहिलं: 'नको वाटलं तर या अभ्यासातून कधीही बाहेर पडा. कारण सांगायची गरज नाही. डॉक्टर रागावणार नाहीत. इथले तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील.' त्याच्या खाली, ठळक अक्षरात: 'ही गोळी जास्तीची आहे. तुमच्या आधीच्या गोळ्या, बीपीची, साखरेची, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.'

काकूंनी ते दोनदा वाचून दाखवलं. "आता डोक्यात शिरलं," त्या म्हणाल्या.

पुढे नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणीतरी माझं मराठी पुन्हा इंग्रजीत केलं आणि कंपनीने ते मूळ मजकुराशी ताडून पाहिलं. धोक्यांबद्दल मी लिहिलेले 'जीव जाऊ शकतो' हे शब्द त्यांना खटकले, भीतिदायक वाटतात म्हणाले. 'प्रतिकूल परिणाम संभवतात' असं लिहा. डॉक्टरीणबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. कमिटीने माझाच मजकूर मंजूर केला. त्या दिवशी मी सराफ्यातून घरी येताना खवा जलेबी घेतली आणि काकूंकडेही दिली.

काही आठवड्यांनी, अभ्यासाची कागदपत्रं सांभाळणारा मुलगा फोनवर म्हणाला, "दीदी, आपका वाला पढ़ के लोग मना कर देते हैं." तो हसत होता. मीही हसले. नाही म्हणतात म्हणजे समजतंय, असं मला वाटलं. त्याला अभ्यासासाठी ठरलेल्या संख्येएवढे रुग्ण भरायचे होते आणि माझा कागद त्याची अडचण झाला होता, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी फोन ठेवला आणि पेपर तपासायला बसले.

पावसाळा संपता संपता काकूंनी मला त्याच इस्पितळात बोलावलं. काका वॉर्डात होते. चेहरा सुजलेला, धाप लागलेली. बीपी इतकं चढलं होतं की फुफ्फुसात पाणी झालं होतं. काकू म्हणाल्या, "त्याहिनं ती गोळीवाली स्कीम घेतली होती. आठ-दहा हप्ते झाले."

"मराठीतला कागद दिला नाही?"

"मी मांगला ना. तो कागदवाला भैया म्हणे, आप लोग तो हिंदी समझते हैं, हिंदी वाला जल्दी हो जाएगा. हे म्हणे, चलो, ठीक आहे."

हिंदी कागद जुनाच होता, तसाच कठीण. तो सोपा करायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यात सगळं होतं; चूक म्हणून दाखवता येईल असं एकही वाक्य नव्हतं. संमती घेतानाचा व्हिडिओही काढला होता. त्यात काकांना विचारलं होतं, "समझ गए?" आणि काका म्हणाले होते, "हाँ जी."

काकांना समजलं होतं ते एवढंच: मोठ्या डॉक्टरांनी नवं, भारी औषध दिलं आहे. मग जुन्या गोळ्या काहून खायच्या? त्यांनी बीपीची गोळी बंद केली. दर भेटीत बीपी वाढलेलं दिसत होतं. तपासणारे डॉक्टर विचारायचे, "दवा ले रहे हैं ना?" काका म्हणायचे, "रोज." ते खोटं बोलत नव्हते. नवी गोळी ते रोज घेत होते आणि रिकामी डबी हिशेबासाठी परत देत होते.

"काकू, तुम्हाला तर माहीत होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं बाई. जुनी गोळी सोडू नका, तिथं लिहून होतं. हे म्हणे, तुले काय समजते, डॉक्टर आपलं वाईट करून राहिले काय? मग मले कोणी विचारलंच नाही. सही त्याहिची होती."

मी कमिटीला पत्र लिहिलं. त्यांनी नीट दखल घेतली. मराठी बोलणाऱ्या सगळ्यांची संमती माझ्या कागदावर पुन्हा घ्यायला लावली आणि हिंदी कागदही सोपा करायला सांगितलं. काकांचा अहवाल वेगळा आला. त्यांना झालेला त्रास अभ्यासातल्या गोळीमुळे नाही, मूळ आजार आणि नेहमीची औषधं न घेतल्यामुळे, असं ठरलं. म्हणून भरपाई नाही. ते खरंही होतं. मी तो अहवाल काकूंना मराठीत सांगितला, सोप्या शब्दांत, आणि शेवटी सवयीने विचारलं, "काय समजलं?"

"गलती यांचीच, असं म्हणतात ना?" काकू म्हणाल्या.

मी 'हो' म्हटलं आणि अहवालाची घडी घातली.

डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात भेटल्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मैंने सोचा था, फॉर्म पास हो गया तो काम हो गया." कागद मंजूर झाला त्या दिवशी मीही जलेबी आणली होती.

त्या इस्पितळातून मला पुन्हा काम आलं नाही. तो मुलगा एकदा गोहलपुरच्या चौकात दिसला, मोटरसायकल थांबवून नमस्ते म्हणाला, अगदी मनापासून. तो आता दुसऱ्या अभ्यासावर आहे.

काकांची मूत्रपिंडं त्यातून सावरली नाहीत; ते आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. काकूंनी मशीनच्या सगळ्या सूचना पाठ केल्या आहेत. नर्स काही सांगायला आली की काका आधी काकूंकडे बघतात, मग मान हलवतात.