बटणाच्या वरचं वाक्य

तिला ऑफिसात सगळे ठसका म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर. तिने कधी हरकत घेतली नाही. राग आला की तिला खरोखर खोकल्यासारखं व्हायचं, शब्द बाहेर पडायच्या आधी घसा लाल व्हायचा, आणि एकदा का पडायला लागले की समोरच्याने खुर्ची मागे सरकवलेली बरी.

बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाटीवर मावतील तेवढीच अक्षरं, आणि पाटीवर आहे ते दुकानात मिळालं पाहिजे, एवढीच त्याची विद्या. पोरीने ती घेतली आणि शहरात येऊन त्याच जोरावर नोकरी धरली. ऐकायची आणि वाचायची मराठी पुस्तकं मोबाइलवर देणारी कंपनी. महिन्याची वर्गणी भरा, हवी तेवढी पुस्तकं घ्या. तिथलं सगळं मराठी ठसकाच लिहायची. जाहिरात तिची, बटणावरचे दोन शब्द तिचे, आणि गिऱ्हाईक चिडलं की त्याला जाणारं उत्तरही तिचंच. म्हणजे गोड बोलायलाही तीच आणि बोलणी खायलाही तीच.

लांबून रेल्वेने कामाला येणाऱ्यांसाठी नवीन वर्गणी काढायची ठरली, तेव्हा जाहिरात बघणाऱ्या साहेबांनी मथळा हातात ठेवला. ‘कुठेही, कधीही. हजारो पुस्तकं तुमच्या कानात.’ याला जरा मराठी वळण द्या म्हणाले. ठसकाने विचारलं, कुठेही म्हणजे कुठे? साहेब हसले. त्यांचं घर ऑफिसच्या मागच्या गल्लीत.

तिची थोरली बहीण दूरच्या गावात राहायची आणि शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. ठसका एके दिवशी ताईबरोबर गाडीत बसली. नदीवरचा पूल गेला, डोंगर सुरू झाला, आणि एकापाठोपाठ एक बोगदे. नेटवर्क गेलं, फोनवर काही बघत बसलेल्यांची चित्रं अडकली आणि नुसतं गोल चाक फिरायला लागलं. कुणी डोळे मिटले, कुणी स्वेटर काढला विणायला. ठसकाने घरून एक पुस्तक डाउनलोड करून आणलं होतं. ते मात्र बोगद्यात, डोंगरात, उतरेपर्यंत कानात चालू होतं.

परत येऊन तिने लिहिलं. मथळा, ‘घरी भरून घ्या, गाडीत ऐका.’ खाली चार ओळी. ‘तुमच्या वाटेवर बोगदे आहेत, ते आम्ही पाहिलेत. निघण्याआधी घरच्या वायफायवर पुस्तक डाउनलोड करा, मग नेटवर्क गेलं तरी गोष्ट थांबत नाही. बसायला जागा मिळाली तर वाचा, नाही मिळाली तर ऐका. झोप आली तर झोपा, पुस्तक कुठं जात नाही.’

साहेबांना झोपेचं वाक्य आवडलं. मथळा नाही आवडला. भरून घ्या म्हणजे पाण्याचे हंडे वाटतात, म्हणाले. मग त्यांच्यात जी रीत आहे ती केली. निम्म्या लोकांना तिचा मथळा दाखवला, निम्म्यांना साहेबांचा, आणि वर्गणी घ्यायचं बटण कुणाच्या मथळ्याखाली जास्त दाबलं जातं ते पाहिलं. साहेबांचं जास्त दाबलं गेलं. बटण दाबणारे घरात सोफ्यावर बसून दाबतात, बोगद्यात बसून नाही, हे ठसकाने बैठकीत सांगितलं. पहिला महिना फुकट आहे, तो संपल्यावर कोण टिकतं ते बघा, असंही सांगितलं. साहेब म्हणाले, आकडे समोर आहेत, मॅडम. खाली आपलं डाउनलोडचं वाक्य आहे, वाचणारा वाचेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

वाक्य नव्हतं. चार ओळी मोबाइलवर घेतल्यावर बटण पडद्याच्या खाली गेलं, बोट फिरवल्याशिवाय दिसेना. म्हणून एक वाक्य काढायचं ठरलं, आणि साहेबांनी नेमकं डाउनलोडचं काढलं. झोपेचं ठेवलं. बोगदेही ठेवले. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, बोगद्यांचा बंदोबस्त कंपनीनेच केलाय.

हे तिला कुणी सांगितलंच नाही. कळलं ते ताईचा फोन आला तेव्हा. ताईने आपल्या बहिणीने लिहिलंय म्हणून गाडीतल्या सगळ्या नर्सना वर्गणी घ्यायला लावली होती. रात्रपाळी करून दमलेल्या बायका, कानात इअरफोनची बोंडं घालून बसल्या, आणि पहिल्या बोगद्यात सगळ्यांच्या गोष्टी एकदम मुक्या झाल्या. सगळ्या ताईकडे बघायला लागल्या.

ताई ओरडली नाही. “तू लिहिलंस म्हणून मी शब्द टाकला त्यांच्याकडे,” ती म्हणाली. “आता त्या विचारतात, तुझी बहीण आपल्याच गाडीत बसून गेली ना, तिला बोगद्यात काय दिसलं मग?”

ठसकाने जाहिरातीचं पान उघडलं, वाचलं, आणि तशीच उठून साहेबांच्या टेबलाशी गेली. तोवर तक्रारींचा ढीग पडलाच होता. साहेबांनी तिला बघितलं आणि बरं झालं आलात म्हणाले, सगळ्यांना एकच उत्तर लिहून टाका, कृपया आपलं नेटवर्क तपासा.

“बोगद्यात बसून माणसाने नेटवर्क कशाने तपासायचं? कंदील घेऊन?”

साहेब म्हणाले, आवाज कमी करा. तिने केला नाही. तुम्ही बटणासाठी माझं एक वाक्य कापलंत, ती म्हणाली, आणि आता ते वाक्य नसल्याचा दोष लोकांच्या फोनवर टाकताय, तोही माझ्याच हाताने.

“एक वाक्य हो,” साहेब म्हणाले. “किती ताणायचं?”

“त्या एका वाक्यावर माझ्या बहिणीची गाडीतली जागा होती. उद्या ती कुठल्या तोंडाने बसेल तिथं?”

साहेब पाणी प्यायले. शेवटी म्हणाले, ठीक आहे, बटणाच्या खाली बारीक अक्षरात टाकू, वर मथळ्याला एक चांदणी लावून. ठसकाला हे सरळ नकारापेक्षा जास्त लागलं. बारीक अक्षर कशासाठी असतं हे पाटीवाल्याच्या पोरीला कुणी शिकवायला नको.

पानं मांडणारा पलीकडे बसायचा. ती त्याच्याकडे गेली आणि वाक्य होतं तिथं, होतं त्या अक्षरात बसवायला सांगितलं. साहेबांनी सांगितलंय का, त्याने विचारलं. नाही, मी सांगतेय, माझ्या नावावर घाल, ती म्हणाली. त्याने तिच्या लाल घशाकडे पाहिलं आणि बसवलं. मग तिने तक्रारींचं उत्तर लिहिलं. डाउनलोड करा हे सांगायचं आम्ही गाळलं, चूक आमची, करायचं कसं ते असं. आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने साहेब आले. “बटण कुठं गेलं?”

“खाली.”

“लोकांना दिसणार कसं?”

“अंगठा असतो लोकांना. फिरवतील.”

वाक्य राहिलं, कारण तेव्हापासून तक्रारी आटल्या. ठसका मात्र मथळ्यांच्या कामावरून गेली. ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि तिच्याकडे फक्त उत्तरं लिहायची ठेवली. तुमचा आवाज तिथं शोभतो, असं साहेब म्हणाले. याचा राग ती आजही तासभर न थांबता सांगू शकते, आणि सांगते.

ताईचा राग त्याने गेला नाही. पानावर वाक्य आलं म्हणून गाडीतल्या बायका विसरत नाहीत, ती म्हणाली, लिहून काय होतं, ये आणि करून दे. ठसका सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात गेली. कपडे बदलायच्या खोलीत वायफाय येत होतं. लोखंडी कपाटांच्या मधे बाकावर बसून ती एकेकीचा फोन घेत होती, पुस्तक उतरवत होती, साहेबांच्या नावाने दात खात होती. एक वयस्क नर्स फोन न देता उभी राहिली.

“ते जाहिरातीत लिहिणारी तूच ना?”

“मीच,” ठसका म्हणाली. “कापलं दुसऱ्याने, पण तुम्ही भरवसा माझ्यावर ठेवलात. आणा तो फोन इकडे.”