हॉटस्पॉटवरचा पळपुट्या

मला लोकांनी आळशी म्हटलंय, भांडकुदळ म्हटलंय, आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो, कारण त्यात तथ्य होतं. पण पळपुट्या? तेही आमच्याच बिल्डिंगमधल्या पोरांनी, ज्यांच्यासोबत मी लहानाचा मोठा झालो? ते मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

घाटकोपरची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही आठ दोस्त आठ दिशांना भाड्याने राहायला गेलो. तळमजल्यावर राहणारा मुलुंडला गेला, एक वाकोल्याला, मी नाहूरला. बिल्डिंगमध्ये गणपतीत कॅरमची स्पर्धा व्हायची. ती बंद पडू नये म्हणून आम्ही ती कन्सोलवरच्या फुटबॉलवर आणली. दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, आपापल्या घरून ऑनलाइन सामने. जो पूर्वी मंडळाचा सेक्रेटरी होता तोच इथेही सेक्रेटरी, आणि त्याचा नियम कडक: मध्येच ज्याचं नेट तुटेल तो तीन-शून्यने हरला. तिसऱ्यांदा तुटलं तर स्पर्धेतून बाहेर आणि ग्रुपमधूनही. हरायला लागलं की नेट बंद करून पळणारे असतात, त्यांच्यासाठी हा नियम. योग्यच होता. मीच पहिला हात वर केला होता.

आणखी एक रिवाज होता, तो कोणी ठरवलेला नव्हता. बिल्डिंगमध्ये सोंगटी गेली, राणी गेली, काहीही झालं, की गॅलरीत जाऊन समोरच्याच्या नावाने बोंब मारायची. आता गॅलरी नव्हती, म्हणून गोल मारणारा लगेच समोरच्याला फोन लावायचा. फोन उचलला नाही तरी चालायचं. वाजला पाहिजे, बस.

माझ्या नाहूरच्या घरात नेटची वायर नव्हती. तिथल्या सोसायटीत एकाच केबलवाल्याला आत यायची परवानगी, आणि तो म्हणे मूळ मालकाचं पत्र आणा. मालक फोन उचलत नाही, पत्र कुठून देणार? भाडं मात्र वेळेवर मागतो. शेवटी मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडला. माझा जुना नंबर ज्या कंपनीचा, तिचं नेट त्या घरात येतच नव्हतं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं नवीन सिम घेतलं. एका फोनमध्ये दोन सिम. जुन्यावर लोकांचे फोन, नव्यावर नेट. पॅकवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘अमर्याद फाइव्ह-जी’. शेजारी एक बारीक चांदणी होती. त्या चांदणीने माझा घात केला.

पहिल्याच रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी नेटचा वेग इतका पडला की मेसेजसुद्धा जाईना, सेक्रेटरीला फोन करून सामना पुढे ढकलावा लागला. शोधलं तर कळलं, त्याच सकाळी हॉटस्पॉट चालू राहिला होता आणि कन्सोलने झोपेतल्या झोपेत गेमचं भलंमोठं अपडेट ओढायला घेतलं होतं. रोजचा दोन जीबीचा कोटा काही मिनिटांत साफ. पण मी तर अमर्याद घेतलं होतं ना? मग कोटा कसला?

सोमवारी मी ऑफिसमधून लवकर निघालो आणि अंधेरीत कंपनीच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, अमर्याद फक्त फोनवर वापराल ते. हॉटस्पॉटने दुसऱ्याला दिलं की ते रोजच्या कोट्यातून जातं. अटींमध्ये आहे."

"जाहिरातीत का नाही?"

"जाहिरातीत चांदणी आहे, सर."

"मी पाण्याचे पैसे भरल्यावर ते पिऊ की त्याने भांडी घासू, हे तुम्ही कोण ठरवणार?"

तिने नम्रपणे विचारलं की तक्रार नोंदवायची आहे का. नोंदवली. तिचं पुढे काहीही झालं नाही, हे सांगायला नकोच.

मग मी स्वतःच कामाला लागलो. कन्सोलवरची आपोआप होणारी अपडेट बंद केली आणि मोठी अपडेट मेहुण्याच्या घरी कन्सोल नेऊन करायचं ठरवलं, कारण त्याच्याकडे वायरचं नेट आहे. खुद्द खेळाला डेटा अगदी थोडा लागतो. एक अख्खा सामना म्हणजे ग्रुपवर येणाऱ्या सुप्रभातच्या व्हिडिओंपेक्षा कमीच. डाउनलोडच सगळं खातं.

राहिला विलंबाचा प्रश्न. फुटबॉलमध्ये नेट किती जोरात आहे याला फारशी किंमत नाही. बटण दाबल्यापासून खेळाडूने पाय उचलेपर्यंत किती वेळ जातो, ते महत्त्वाचं. हॉलमध्ये सिग्नल दुबळा, त्यामुळे तो वेळ कधी कमी, कधी चौपट, आणि असा वरखाली होणारा विलंब सगळ्यात वाईट, कारण हाताला सवयच लागत नाही. घरभर फिरून मोजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत सगळ्यात चांगलं नेट सापडलं. म्हणून रविवारी दुपारी माझा फोन तिथे मसाल्याच्या डब्यांशेजारी चार्जरला लावलेला, आणि मी हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून.

आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. वाकोल्यावाल्याशी खेळताना त्याने एक गोल मारला आणि काही सेकंदांत माझा पडदा गोठला. ‘संपर्क तुटला.’ पुढच्या रविवारी दुसऱ्याशी, तेच. गोल खाल्ला, नेट गेलं. कोटा शिल्लक होता, खिडकीत सिग्नल भरलेला होता, तरीही.

ग्रुपवर तळमजल्यावाल्याने लिहिलं, "याचं नेट फक्त हरतानाच कसं रे जातं?"

त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग कोणीतरी ‘पळपुट्या’ लिहिलं आणि ते नाव चिकटलंच. मी कंपनीच्या अटी टाकल्या, सिग्नलचे फोटो टाकले. कोणी वाचले नाहीत. सेक्रेटरीने एवढंच लिहिलं: "दोन झाले. तिसरा झाला की बाहेर." मला इतका संताप आला की त्या रात्री नीट जेवलो नाही. आई गेली तेव्हा मयताची सगळी धावपळ ज्या पोरांनी केली, तीच आता मला लबाड म्हणत होती, एका गोलासाठी. आणि खरं सांगायचं तर माझी बाजू कमकुवत दिसत होती. मीही दुसऱ्या कुणाबद्दल तेच म्हटलं असतं.

शेवटचा सामना राहिला होता, तळमजल्यावाल्याशीच. त्याच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "एक विचारू? रविवारी तुझा फोन वाजला की तू हॉलमध्ये ओरडतोस, ते का?"

"उलट असेल. मी ओरडतो, मग ते चिडवायला फोन करतात."

"नाही रे. आधी फोन वाजतो, इथे डब्यांना लागून थरथरतो. मग तू ओरडतोस. मी इथेच असते ना."

मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वाचलं, आणि सगळं जुळलं. फोन सायलेंटवर, भिंतीपलीकडे, माझ्या कानात हेडफोन. मिस्ड कॉल मी सामना तुटल्यानंतरच बघायचो. दोन सिमच्या माझ्या फोनमध्ये एका वेळी एकच सिम काम करतं. जुन्या नंबरवर फोन वाजायला लागला की नव्या सिमचं नेट थांबतं. हॉटस्पॉट चालूच दिसतो, कन्सोललाही वाटतं वायफाय आहे, पण त्यातून काही येत नाही. गेम थोडा वेळ वाट बघतो आणि तोडून टाकतो. कॉलच्या वेळी नेट दुसऱ्या सिमवर न्यायची सोय फोनमध्ये होती, पण त्या जुन्या सिमवर नेट येतच कुठे होतं? म्हणजे गोल मारून जो मला चिडवायला फोन करायचा, तोच माझं नेट पाडायचा. आणि गोल खाल्लेला असतानाच, हरतानाच! वर पळपुट्या मी!

मी त्याच संध्याकाळी तळमजल्यावाल्याला नाहूरला बोलावलं. आमच्या या भाड्याच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. त्याला सोफ्यावर बसवलं, एका अनोळखी खेळाडूशी सामना लावला आणि म्हटलं, "लाव फोन."

त्याने लावला. स्वयंपाकघरात डबे वाजले, पडदा गोठला, संपर्क तुटला.

"च्यायला," तो म्हणाला. "म्हणजे मीच पाडत होतो?"

"तू आणि ते बाकीचे. आता लिही ग्रुपवर."

त्याने लिहिलं, प्रामाणिकपणे लिहिलं, हे मान्य करतो. मला वाटलं, निदान एक जण तरी माफी मागेल. सेक्रेटरी म्हणाला, "ज्याचं नेट त्याची जबाबदारी. दोन ते दोनच." आणि बाकीच्यांनी काय लिहावं? "म्हणजे उद्या हा जिंकायला लागला की सगळ्यांनी फोन लावायचा!" वाकोल्यावाला म्हणाला, तो तर बायकोच्या फोनवरूनही लावणार. निर्दोष ठरण्यासाठी मी पुरावा दिला आणि त्यांनी त्या पुराव्याचंच हत्यार केलं. हसावं की कुणाचं डोकं फोडावं, कळेना. मी ग्रुप म्यूट केला.

रविवारी सामन्याआधी मी जुन्या नंबरचं सिमच सेटिंगमध्ये बंद करून टाकलं. शाळेपासून तोच नंबर सगळ्या बिल्डिंगला पाठ. नवीन नंबर बायको आणि ऑफिस सोडून कुणाकडे नव्हता. फोन खिडकीत ठेवला आणि खेळलो. पहिल्या हाफमध्ये त्याने गोल मारला, खरंच सुंदर मारला, लांबून, गोलकीपरच्या डोक्यावरून. पण पडदा गोठला नाही. नंतर मी बरोबरी केली आणि अगदी शेवटी कॉर्नरवर डोक्याने गोल मारून जिंकलो. नेट एकदाही हललं नाही. मी स्पर्धेत राहिलो, ग्रुपमध्ये राहिलो, आणि पळालो नव्हतो हे सगळ्यांनी बघितलं.

मी ताठ मानेने जुनं सिम चालू केलं. क्षणभरात फोन वाजला. तळमजल्यावाला. अभिनंदनाची अपेक्षा करण्याइतका मी अजूनही भोळा होतो.

"फोन बंद करून बसतोस? पळालास काय रे?"

"कोण पळालं? मी जिंकलोय! तुम्हीच धमक्या दिल्यात फोन लावायच्या, आणि आता मलाच..." मी तावातावाने खूप बोललो. कंपनीला बोललो, सेक्रेटरीला बोललो, त्याच्या पूर्वजांपर्यंत जायच्या बेतात होतो.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ते सोड रे. पाडायला नव्हता लावला. एवढा झकास गोल मारला मी, आणि फोन लावला तर ती बाई बोलतेय, नंबर बंद आहे, नंबर बंद आहे. हिच्यावर ओरडू का मी?"

माझा राग गेला नव्हता. तो आजही गेलेला नाही.

"ओरड आता," मी म्हणालो, आणि फोन कानापासून लांब धरला.