काकांच्या नावावरची लाल रेघ

आमच्या ऑफिसात एक गोष्ट कानाला लागून सांगितली जायची. जुळणीबाईकडे वारलेले काका येतात. शनिवारी, ऑफिस रिकामं असताना येतात, तिच्या शेजारी बसतात आणि रिपोर्ट तपासतात. पुरावा? तिच्या टेबलावर चहाचे दोन कप सापडले होते. आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे रिपोर्टमध्येच काकांच्या नावाने दुरुस्त्या निघायच्या, तारीख अगदी ताजी. काकांना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती.

आता ही जुळणीबाई कोण, ते सांगतो. जुन्या इमारती तपासून कुठे काय मोडायला आलंय ते लिहून देणारं आमचं ऑफिस. काका त्याचे मालक. काकांनंतर त्यांचा पुतण्या साहेब झाला. इंजिनिअर रिपोर्ट लिहायचा, वकीलबाई त्यातल्या शब्दांवरून उद्या कुणी कोर्टात खेचेल का ते बघायच्या, साहेब शेवटी नजर टाकून सही करायचे. हे तिघं आपापल्या परीने रिपोर्टची जी ओढाताण करत, त्यातून पुन्हा एक सलग रिपोर्ट उभा करणं हे हिचं काम. म्हणून जुळणीबाई. तोंडावर ताई म्हणायचे, पाठीमागे जुळणीबाई. तिला दोन्ही माहीत होतं.

बाईचे नियम कडक. फाइलच्या नावात आधी इमारतीचं नाव, मग तारीख, तीही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीत उभ्या राहतात. मग आवृत्तीचा आकडा, आणि शेवटी ज्याचा हात लागला त्याचं आद्याक्षर. एका वेळी फाइल एकाकडेच. आलेली फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची, काम तिच्या नकलेवर करायचं. आणि ट्रॅक चेंजेस चालू असल्याशिवाय एक स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही, म्हणजे कुणी काय खोडलं, काय घातलं, ते रंगासकट आणि नावासकट दिसतं. ‘अंतिम’ हा शब्द नावात घालायला सक्त मनाई.

“का हो ताई?” साहेबांनी एकदा विचारलं होतं.

“कारण अंतिम म्हटलं की तुम्हाला हमखास काहीतरी सुचतं.”

मुळात बाईची भाषा छान. इंजिनिअरची वाक्यं म्हणजे मालगाडी, डबे मोजता मोजता इंजिन कुठे होतं ते विसरायचं. बाई ती तोडायची, नीट करायची. पण तिच्या नावाची दुरुस्ती दिसली की इंजिनिअर ती नाकारायचा, शेजारी शेरा मारायचा, ‘मूळच ठेवावे.’ वकीलबाई तर वाचायच्याही नाहीत. वर्षानुवर्षं हेच.

मग एक दिवस तिचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच, आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला काकांचा तिला मिळाला. पहिला रिपोर्ट गेला आणि परत आला. एकूण एक दुरुस्ती मान्य. एका शेऱ्याखाली तर इंजिनिअरने चक्क लिहिलं होतं, ‘बरोबर आहे.’ बाई चक्रावली. दुरुस्तीच्या रेघेवर माउस नेला, तर वर काकांचं नाव.

घरी जाऊन बहिणीला सांगितलं. दोघी एकत्र राहायच्या, मोठी बहीण शाळेतून रिटायर झालेली.

“अगं मग नाव बदलून घे ना.”

“घेईन.”

“कधी?”

“घाई काय आहे? इतक्या वर्षांत माझं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलंय.”

“तुझं नाही, काकांचं ऐकलंय. मेलेल्या माणसाच्या नावावर शहाणपणा विकतेस तू.”

“फुकट देते. विकत कोण घेतंय?”

तर असं ते चाललं होतं. तुम्ही विचाराल, तिघांतल्या एकालाही शंका आली नाही? आली की! पण आमच्याकडे रिपोर्ट जुन्या रिपोर्टवरून बेतले जात. इंजिनिअरला वाटलं, जुन्या फाइलीतलंच काही चिकटून आलं असेल. साहेबांना वाटलं, इंजिनिअरला माहीत असेल. आणि वकीलबाई म्हणाल्या, “ज्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं लागेल, तो मी विचारत नाही.” भुताची गोष्ट त्यापेक्षा सोपी होती, म्हणून ती पसरली. तारीख ताजी का, याचंही उत्तर भुतात आपोआप मिळत होतं.

मग आला शाळेच्या हॉलचा रिपोर्ट. हॉलच्या छताच्या दोन लोखंडी तुळयांना गंज चढला होता. इंजिनिअरने साफ लिहिलं होतं की दुरुस्ती होईपर्यंत हॉल बंद ठेवावा. इंजिनिअरची तिसरी आवृत्ती आली, त्यावरून बाईने वकीलबाईंचे बदल जुळवून चौथी केली, आणि नेमकं बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाई आठवडाभर रजेवर गेली.

परत आली ती सोमवारी. दुपारी रिपोर्ट शाळेकडे जायचा होता. पाहते तर फोल्डरमध्ये ‘हॉल अंतिम’ आणि ‘हॉल अंतिम स्वच्छ’. बाईने कपाळाला हात लावला.

“साहेब, हे काय?”

“अहो, तुम्ही नव्हता, काम अडायला नको. मी नजर टाकली, अंतिम केलं, इंजिनिअरने सगळे बदल मान्य करून स्वच्छ केलं. बघा, तुमच्याशिवाय दोन दिवसांत झालं!” आणि हसत हसत पुढे, “खरं सांगू ताई, या जुळणीसाठी वेगळा माणूस लागतोच का, असा मी विचार करतोय.”

ते हसले, पण बाईला कळलं की हे हसण्यावारी नाही. ती आपल्या जागेवर गेली. रजेवर जाण्याआधी तिने साहेबांना चौथी आवृत्ती मेलने पाठवली होती, ती मेलमध्ये तशीच होती. बाईने ती आणि ‘अंतिम स्वच्छ’ शेजारी लावून कंपेअर केलं. दोन्हींतला फरक तांबडा होऊन समोर आला. त्यात एक अख्खं वाक्य गायब होतं. ‘दुरुस्ती होईपर्यंत हॉल बंद ठेवावा.’

तिने इंजिनिअरला हाक मारली. इंजिनिअर आला, वाचलं आणि खुर्चीच शोधू लागला. “मी नाही काढलं. मी माझंच वाक्य का काढीन?”

वकीलबाई आल्या, साहेब आले. साहेबांची ‘अंतिम’ उघडली, कारण स्वच्छ करण्याआधीची खोडाखोड तिच्यात जिवंत होती. त्या वाक्यावर लाल रेघ होती. माउस नेला. काकांचं नाव. तारीख मागच्या मंगळवारची.

“तुम्ही हे मान्य कसं केलंत?” वकीलबाईंनी इंजिनिअरला विचारलं.

“काकांचं नाव होतं,” तो पुटपुटला. “काकांचं मी कधी नाकारत नाही.”

“काका वारलेत!” साहेब ओरडले. “मी स्वतः तिथे हजर होतो!”

कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हतो. म्हणजे एकटा मी नव्हतो.

“हे बघा,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले, “कुठलंतरी जुनं चिकटून आलं असेल. वाक्य परत घाला आणि पाठवून द्या. गवगवा नको.”

बाईच्या दृष्टीने किती सोपं होतं ते! वाक्य घालायचं, गप्प बसायचं. तिने घालायला हातही पुढे केला. पण इंजिनिअरचा चेहरा पांढरा पडला होता.

“नाही साहेब. इतके दिवस काकांच्या नावाचं सगळं मी डोळे मिटून मान्य केलंय. आणखी काय काय गेलं असेल? सगळे रिपोर्ट परत मागवायला लागतील. शाळा, दवाखाना, सगळे.”

“म्हणजे ऑफिसला टाळंच,” वकीलबाई म्हणाल्या.

“हा चावटपणा करणारा सापडू दे,” साहेब दातओठ खात म्हणाले, “उद्या त्याची खुर्ची या खोलीत दिसणार नाही.”

 बाईने हात मागे घेतला.

“रिपोर्ट मागवू नका. काकांच्या नावाचं सगळं माझं आहे. या कॉम्प्युटरमध्ये त्यांचं नाव राहिलंय, इथून काहीही केलं की त्यांच्या नावावर पडतं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी बदललं नाही, कारण माझ्या नावाचं तुम्ही काही ऐकत नव्हता. मी फक्त वाक्यं तोडली, मुद्दा एकही हलवला नाही. प्रत्येक आवृत्ती ठेवलीय, पडताळून बघा. पण हे वाक्य माझं नाही. मंगळवारी मी दवाखान्यात होते.”

“मग मंगळवारी इथे कोण बसलं होतं?” वकीलबाईंनी कोर्टातला आवाज लावला.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

“मी,” ते म्हणाले. “मेलवर आलेली घरी वाचली, पण काम करायला इथे आलो. फाइल इथेच होती, म्हणून ताईंच्याच जागेवर बसलो. ते वाक्य महत्त्वाचं होतं. म्हटलं, आत कुठेतरी लपलंय, कट करून पहिल्या पानावर सारांशात घालू. कट केलं. आणि फोन आला.”

“आणि चिकटवलं नाहीत.”

“फोन मोठा होता हो!”

इंजिनिअर हसला, मग वकीलबाई हसल्या, आणि मग साहेबही, कारण दुसरा इलाज नव्हता. बाई हसली नाही. “चूक तुमची एका वाक्याची,” ती म्हणाली. “पण यांनी ती नाव बघून मान्य केली. ती सवय मी लावली.”

इंजिनिअर तिथेच बसला आणि पुढचे तीन दिवस जुन्या रिपोर्टांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी लावून बघत राहिला. मुद्दा कुठेही हललेला नव्हता. चौथ्या दिवशी बाईला म्हणाला, “चांगलं लिहिता की तुम्ही.”

“इतकी वर्षं हेच सांगत होते.”

हॉलचा रिपोर्ट त्या सोमवारी दुपारीच गेला, वाक्य पहिल्या पानावर, फाइलच्या नावात ‘अंतिम’ नाही. खुर्चीचं साहेबांनी पुन्हा काही काढलं नाही. उलट दारावर कागद लावला की फाइल ताईंच्या हातूनच फिरेल. बाईने सगळ्यांसमोर सेटिंग उघडून काकांचं नाव पुसलं आणि स्वतःचं घातलं. बहिणीला घरी सांगितलं, तर ती एका डोळ्यावर पट्टी लावून म्हणाली, “आता बघू, किती ऐकतात.”

पुढच्या रिपोर्टात बाईच्या नावाने अकरा दुरुस्त्या गेल्या. इंजिनिअरने नऊ घेतल्या, दोनवर शेरा मारला, ‘मूळच ठेवावे.’ बाई तडक त्याच्या टेबलाशी गेली आणि भांडून एक परत मिळवली.

काकांची गोष्ट अजून कुणी नवीन माणूस आला की सांगतात. तर खरं काय ते लिहून ठेवतो. काका कधी आले नव्हते. कॉम्प्युटर हलवताना त्यातलं नाव बदललं नव्हतं. चहाचा दुसरा कप वॉचमनचा होता.